माफ करता आलेलं नाही, हे कसं लिहायचं?



नववीच्या वर्गाला मी ‘क्षमा’ या विषयावर प्रसंगलेखन दिलं होतं. वह्या तपासायला घेतल्या आणि दहाव्या वहीपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाशी कुणीतरी वाईट वागलं होतं, प्रत्येकाला राग आला होता आणि शेवटच्या चार ओळींत प्रत्येकाने माफ करून टाकलं होतं. सगळ्यांचं मन हलकं झालं होतं. एवढ्या वेगवेगळ्या घरांतली मुलं आणि शेवट मात्र एकच!

एका मुलीच्या वहीत शेवटाआधी पाच-सहा ओळी खोडलेल्या होत्या. इतक्या जोरात की मागच्या पानावर उठाव आला होता. त्याच्या खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘परंतु क्षमा हे वीराचे भूषण आहे, म्हणून मी काकांना माफ केले. आता माझ्या मनात कोणताही राग नाही.’

मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि विचारलं, “खोडलंस ते काय होतं?”

ती म्हणाली, “बाई, ते खरं होतं. पण निबंधात तसं चालत नाही ना?”

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जी क्षमा अजून झालेलीच नाही, तिच्याबद्दल प्रामाणिकपणे कसं लिहायचं, हे आम्ही दोघींनी तीन खर्ड्यांत शोधलं. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊनच इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रसंग काय होता?

ती पाचवीत असताना तिचे मोठे काका तिच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवायला घेऊन गेले. दुकानाची नड होती. “दिवाळीआधी सोडवून आणतो,” असं म्हणाले. दिवाळीला आईने सगळ्यांसमोर विचारलं तर काका म्हणाले, “पाटल्या? कोणत्या पाटल्या?” त्यानंतर चार वर्षं झाली. पाटल्या आल्या नाहीत, माफीही आली नाही. काका मात्र दर दिवाळीला येतात.

पहिला खर्डा : खोटी शांती

पहिल्या खर्ड्यात राग होता आणि लगेच क्षमा होती. मधलं काहीच नव्हतं. राग कधी गेला, कशाने गेला, काकांनी काही केलं का, तिने काही केलं का, याचं एकही वाक्य नाही. खोटी शांती ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. ‘म्हणून’ हा शब्द येतो, पण त्याच्या आधी कारण म्हणून सुविचार असतो, घटना नसते. ‘क्षमा श्रेष्ठ आहे, म्हणून मी माफ केले.’ सुविचार आठवला म्हणून चार वर्षांचा राग जात नाही, हे आपल्यालाही माहीत आहे आणि मुलांनाही.

दुसरी खूण भाषेची. आधीचा मजकूर तिच्या बोलीजवळचा होता. शेवटाला एकदम ‘परंतु’, ‘कोणताही’, ‘अंतःकरण’ असे शब्द आले. मूल जिथे स्वतःची भाषा सोडून पुस्तकी भाषेत शिरतं, तिथे ते बहुतेक वेळा आपल्यासाठी लिहीत असतं. हा दोष मुलांचा नाही. अशा शेवटांखाली ‘छान!’ असा शेरा मीच वर्षानुवर्षं मारला आहे.

दुसरा खर्डा : तक्रारीचा अर्ज

मी तिला सांगितलं, “माफ केलं नसशील तर तसं लिही.” ही माझी चूक झाली, कारण मी एवढंच सांगून थांबले. दुसऱ्या दिवशी वही आली. आता काका ‘स्वार्थी’, ‘खोटारडे’ आणि ‘नीच’ होते. ते लहानपणापासून तसेच होते. शेवट होता, ‘मी त्यांना मरेपर्यंत कधीच माफ करणार नाही.’

हे जास्त खरं वाटतं का? मला आधी वाटलं. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की यातही प्रसंग हरवला होता. पाटल्यांबद्दल आता दोनच ओळी उरल्या होत्या आणि काकांना दिलेली विशेषणं पानभर. वाचणाऱ्याला काय घडलं ते दिसत नव्हतं, फक्त निकाल ऐकू येत होता. शिवाय ‘मरेपर्यंत’ हे चौदा वर्षांच्या मुलीने लिहावं असं वाक्य नाही. पुढच्या साठ वर्षांत आपल्याला काय वाटेल हे तिला ठाऊक नाही. पहिल्या खर्ड्यातल्या ‘आता राग नाही’ इतकंच हेही न जगलेलं वाक्य आहे.

दोन्ही खर्डे एकमेकांच्या उलटे दिसतात, पण दोघांतली चूक एकच आहे. जी गोष्ट अजून चालू आहे तिला दोघांनीही संपवून टाकलं. एकाने गोड करून संपवलं, एकाने कडू करून.

आधी क्रियापद ठरवा

मग आम्ही निबंध बाजूला ठेवला आणि एकच वाक्य घेतलं. फळ्यावर नाही, वहीच्या मागच्या पानावर. मराठीत ही गोष्ट किती तऱ्हांनी सांगता येते ते लिहून काढलं.

‘मी माफ केलं नाही.’ हा निर्णय आहे. करणारी मी आहे आणि मी नाही म्हटलं आहे.

‘मला माफ करता आलं नाही.’ यात प्रयत्न आहे. करून पाहिलं, जमलं नाही.

‘मला माफ करवत नाही.’ यात निर्णयही नाही आणि प्रयत्नाचा हिशेबही नाही. ‘बघवत नाही’, ‘खाववत नाही’ म्हणतो तसं हे आहे. इच्छा असेल किंवा नसेल, आतून ते होत नाही.

‘मी अजून माफ केलेलं नाही.’ यात ‘अजून’ आहे. दार बंद नाही, पण उघडलेलंही नाही.

‘मी माफ करणार नाही.’ हे भविष्याबद्दलचं वचन आहे.

व्याकरणाच्या तासाला आपण शक्य क्रियापद शिकवतो, उदाहरणं देतो, गुण देतो. ते कशासाठी असतं हे मला त्या दिवशी नीट कळलं. या पाचांपैकी प्रत्येक वाक्य कुणाच्यातरी बाबतीत खरं असतं, पण एकाच माणसाच्या बाबतीत एका वेळी सगळी खरी नसतात.

ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, “बाई, ‘केलं नाही’ म्हटलं तर मी दुष्ट वाटते. ‘करता आलं नाही’ म्हटलं तर लई शहाणी वाटते, जसं काही मी खूप प्रयत्न केले. मी काही प्रयत्न केले नाहीत.”

“मग?”

“मला करवत नाही. एवढंच.”

निबंध तिथून सुरू झाला. असं काही लिहून घ्यायचं असेल तर हे मागच्या पानावरचं काम आधी करा. बाकी मजकूर त्या एका क्रियापदाशी इमान राखून लिहायचा असतो. ‘करवत नाही’ असं ठरल्यावर शेवटाला ‘माफ केले’ येऊ शकत नाही आणि ‘मरेपर्यंत करणार नाही’ही येऊ शकत नाही.

याच वेळी आणखी एक गुंता सोडवावा लागतो. मुलं (आणि आपणही) चार वेगळ्या गोष्टींना ‘माफ करणं’ म्हणतात : विसरणं, पुन्हा बोलायला लागणं, घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसणं आणि खरोखर मनातून सोडून देणं. ही मुलगी काकांशी बोलते, चहा देते. म्हणून घरच्यांना वाटतं, झालं गेलं मिटलं. ती बोलते हेही खरं आणि मिटलेलं नाही हेही खरं. लिहिताना दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

मग तपशील, आपल्या विरुद्ध जाणारासुद्धा

इथे एका पुस्तकाची मला मदत झाली. ते आपल्या घरगुती प्रसंगापेक्षा फार मोठ्या आणि भयंकर गोष्टीबद्दल आहे, त्यामुळे तुलना करत नाही. फक्त लिहिण्याची रीत बघू.

सायमन विझेन्थाल हे दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत कैदी असलेले ज्यू गृहस्थ. त्यांचं ‘द सनफ्लॉवर’ म्हणजे ‘सूर्यफूल’ हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झालं. लव्होव शहरात कैद्यांच्या तुकडीबरोबर कामाला नेलं असताना एक परिचारिका त्यांना एका मरणासन्न जर्मन सैनिकाच्या खोलीत घेऊन जाते. ज्या इमारतीत ते दवाखाना होता तिथेच ते पूर्वी शिकलेले असतात. तो सैनिक सांगतो की ज्यू कुटुंबं कोंबलेल्या एका घराला त्यांनी आग लावली आणि बाहेर उड्या मारणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. आता त्याला एका ज्यू माणसाकडून क्षमा हवी आहे. विझेन्थाल काहीच न बोलता खोलीतून निघून जातात.

त्यांनी क्षमा केली नाही. पण पुस्तकात ते हेही लिहितात की त्या सैनिकाभोवती घोंघावणारी माशी त्यांनी हाताने हाकलली. युद्धानंतर ते त्याच्या आईला भेटायला गेले. आपला मुलगा चांगला होता असं ती म्हणत राहिली आणि त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं नाही. हे तपशील त्यांनी लपवले असते तर ‘मी क्षमा केली नाही’ हे विधान जास्त ठाम दिसलं असतं. उलट ते घातल्यामुळे आपण त्यावर विश्वास ठेवतो. माशी हाकलली म्हणून क्षमा झाली, असा दावाही ते करत नाहीत. आपण गप्प बसलो ते बरोबर होतं की चूक, हा प्रश्न ते वाचकापुढे ठेवतात आणि थांबतात.

या वाचनातून मी तिच्यासाठी दोन सूचना काढल्या. एक, काकांना दिलेलं प्रत्येक विशेषण काढ आणि त्या जागी त्यांनी केलेली किंवा बोललेली एक गोष्ट लिही. तशी गोष्ट सापडली नाही तर ते वाक्यच सोड. दोन, तुझ्या रागाला अडचणीची वाटेल अशी काकांची एक खरी आठवण लिही.

दुसऱ्या सूचनेवर ती चिडली. “म्हणजे ते चांगले आहेत असं लिहू?” तसं नाही. त्यांच्या बाजूने वकिली करायची नाही, तराजू समान करायचा नाही. आठवण असेल तरच लिहायची, ती आहे तेवढीच लिहायची आणि तिच्यापुढे ‘तरीही’ किंवा ‘म्हणून’ जोडायचं नाही. आणि एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी : ही सूचना प्रत्येक मुलासाठी नाही. त्याबद्दल खाली लिहिते.

तिसरा खर्डा

तिच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग देते. शुद्धलेखन मी सुधारलं आहे, बाकी काही नाही.

*‘काका पाटल्या न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. पाटल्या आईच्या हातातून निघत नव्हत्या. तिने मोरीत जाऊन साबण लावला. मी तिला साबण दिला. काका म्हणाले, दिवाळीआधी सोडवून आणतो.*

*दिवाळीला आईने विचारलं तेव्हा घरात सगळे होते. काका म्हणाले, पाटल्या? कोणत्या पाटल्या? आई काही बोलली नाही. आत जाऊन करंज्या तळायला लागली. बाबा पण काही बोलले नाहीत. मी पण नाही. मी साबण दिला होता, मला माहीत होतं. आई आता काचेच्या बांगड्या घालते.*

*मी पहिलीत असताना जत्रेत माझा एक बूट पडला होता. मी रडत होते. घरी पोचल्यावर काका बॅटरी घेऊन परत गेले आणि बूट शोधून आणला. रात्र झाली होती.*

*या दिवाळीला काका आले. मी चहा केला. त्यांच्या कपात साखर घातली नाही कारण त्यांना शुगर आहे. त्यांनी विचारलं, अभ्यास कसा चाललाय. मी म्हटलं, चांगला.*

*मला काकांना माफ करवत नाही. त्यांनी माफी मागितली तर करवेल का, ते मला माहीत नाही.’*

या खर्ड्यात एकही विशेषण काकांना लावलेलं नाही, आणि तरी ‘कोणत्या पाटल्या?’ या दोन शब्दांत काय झालं ते कुणालाही कळतं. बूट आहे म्हणून पाटल्या माफ होत नाहीत. साखर घातली नाही याला तिने प्रेम म्हटलेलं नाही, कर्तव्यही म्हटलेलं नाही. ती फक्त घातली नाही.

एक बदल तिने स्वतः केला तो सांगण्यासारखा आहे. काचेच्या बांगड्यांचं वाक्य आधी अगदी शेवटी होतं. मी म्हटलं, “शेवट चांगला आहे.” ती म्हणाली, “बाई, तिथे ठेवलं की वाचणाऱ्याला काकांचा राग येतो आणि आईची दया येते. मग मी काहीतरी मागतेय असं वाटतं.” तिने ते उचलून दिवाळीच्या प्रसंगाला जोडलं, जिथे ती केवळ माहिती आहे. शेवटी काय ठेवतो यावर निबंध तक्रार होतो की नाही हे पुष्कळदा ठरतं, हे मला तिने शिकवलं.

दुसरी गोष्ट लिहिताना बाहेर आली : ‘मी पण नाही.’ आधीच्या दोन्ही खर्ड्यांत हे नव्हतं. राग काकांवर होता, पण त्यात थोडा स्वतःच्या गप्प बसण्यावरही होता. खोट्या शांतीने ते झाकलं होतं आणि विशेषणांनीही झाकलंच होतं. मात्र इथे शिक्षकाने सावध राहायला हवं. मी तिला स्पष्ट सांगितलं, “पाचवीतल्या मुलीने मोठ्यांच्या भांडणात बोलायचं नसतं असंच आपण शिकवतो. तो तुझा गुन्हा नाही.” वाक्य तिने ठेवलं, कारण ते घडलं होतं. त्यावर आणखी काही लिहिलं नाही, आणि मी लिहायला सांगितलंही नाही.

तपासताना काय बघायचं?

मी आता तीनच गोष्टी बघते. शेवटचा परिच्छेद हाताने झाकते आणि विचारते, वरच्या मजकुरातून हा शेवट निघतो का, की बाहेरून आणून चिकटवलाय? मग काळ बघते : घडलं ते भूतकाळात, आज वाटतं ते वर्तमानकाळात आहे ना, आणि भविष्याबद्दल खात्री दिलेली नाही ना? आणि तिसरं, ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याने हे वाचलं तर ‘माझं वागणं बरोबर होतं’ असं तो म्हणेल कदाचित, पण ‘असं घडलंच नाही’ असं त्याला प्रामाणिकपणे म्हणता येईल का? येत असेल तर तिथे अंदाज किंवा निकाल शिरला आहे, घटना नाही.

गुण कसे द्यायचे हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. मी मांडणी, भाषा आणि तपशिलाला गुण देते. माफ केलं की नाही याला नाही. परीक्षेत हे चालेल का, असं पालक विचारतात. प्रसंगलेखनात प्रसंग जिवंत व्हावा एवढीच अपेक्षा असते. शेवटी तात्पर्य हवंच असा काही नियम नाही, ती आपली सवय आहे.

हे कुठे करायचं नाही?

हा विषय सक्तीने देऊ नका. पर्यायी विषय असू द्या, वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका आणि वही इतर मुलांच्या हाती जाऊ देऊ नका. आमच्या वर्गात हे लेखन सुट्या कागदावर होतं आणि वाचून झाल्यावर कागद मुलांना परत मिळतो.

आणि लिहिलेल्या मजकुरातून मुलाला मारहाण होते आहे, कुणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं आहे किंवा करत आहे असं जाणवलं, तर तो निबंध राहत नाही. तिथे ‘त्या माणसाची एक चांगली आठवण लिही’ असं म्हणणं क्रूरपणा ठरेल. क्रियापद, शेवट, गुण हे सगळं बाजूला ठेवा आणि मुलाशी शांतपणे बोला. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला आधीच देऊन बसू नका, कारण ते पाळता येणार नाही.

पालकांसाठी एकच सांगते. असा कागद घरी आला आणि त्यात तुमच्याच घरातलं काही असलं, तर पहिला प्रश्न ‘हे बाईंना कशाला सांगितलंस?’ हा असू नये. आणि ‘अगं, आता सोडून दे’ हाही नको. या मुलीच्या आईने कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाली, “साबण तू दिला होतास, हे मी विसरलेच होते.”

पाटल्यांबद्दल त्या घरात चार वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा बोललं. काकांनी अजून काही म्हटलेलं नाही.